एका रुपयाचा बग आणि क्रिटिकलचा शिक्का

*ताई, मी अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं आणि हिशेब करणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. नवीन आलेले बग रोज सकाळी चाळून कुठला आधी, कुठला नंतर हे लावायचं काम चार महिन्यांपासून माझ्याकडे आहे. सपोर्टला एक काका आहेत, पूर्वी सोसायट्यांचे हिशेब लिहायचे. ते जवळजवळ प्रत्येक बग ‘क्रिटिकल’ म्हणून टाकतात. जूनमध्ये त्यांनी असाच एक टाकला: एका सभासदाची थकबाकी ८,०६० रुपये, बिलात व्याज १२१ आलंय, सेक्रेटरी म्हणतात १२० हवं. मेंटेनन्स महिना ४,०००, एप्रिलपासून भरलेला नाही, व्याज वर्षाला १८ टक्के. टीम म्हणाली राउंडिंग असणार, आणि तक्रारही एकच आहे. मी ‘मायनर’ केला. काकांनी परत ‘क्रिटिकल’ केला, मी परत खाली आणला. असं चार वेळा झालं. काल सगळ्यांना सीसीत ठेवून त्यांचा मेल आला: ‘बग खाली ढकलणाऱ्यांनी एकदा सपोर्टचा फोन उचलून बघावा.’ आमचा लीड म्हणतो, काकांचा ती लेव्हल बदलायचा अधिकारच काढून टाकू. मला पटतं, पण ते वयाने मोठे आहेत, वाईटही वाटतं. काय करू?*

तू ताई म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगंवर येते.

मेल, अधिकार आणि वय जरा बाजूला ठेव आणि आधी कॅल्क्युलेटर काढ. वर्षाला १८ म्हणजे महिन्याला दीड टक्का. ८,०६० चे दीड टक्के काढ. १२०.९० येतात, पूर्ण रुपयात १२१. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरचं गणित कुठे घसरलेलं नाही, आकडा गोल करतानाही चुकलेलं नाही. त्याने ८,०६० वर चोख व्याज काढलंय. पण ८,०६० वर व्याज काढायचंच कशाला? त्यातले ८,००० एप्रिल आणि मेच्या मेंटेनन्सचे आहेत आणि वरचे ६० हे मेच्या बिलात लागलेलं व्याज. सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावतंय. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये थकबाकीवर सरळव्याज आहे, चक्रवाढ नाही. ८,००० चे दीड टक्के १२०. सेक्रेटरी बरोबर आहेत.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे सगळं तू दिलेल्या तीन-चार आकड्यांवरून चाललंय. पण ते आकडे इतके नेमके जुळतात की राउंडिंगवर मी तरी पैज लावणार नाही.

आता हाच सभासद पुढेही भरत नाही असं धर. जुलैच्या बिलात मुद्दल १२,०००, व्याज १८० हवं. तुमचं सॉफ्टवेअर १२,१८१ धरेल आणि १८३ लावेल. फरक एकाचा तीन झाला. बारावं बिल निघेपर्यंत सरळव्याजाने एकूण ३,९६० व्हायला हवेत, चक्रवाढीने ते साधारण ४,१६५ होतात. एका सभासदामागे वर्षात दोनशेच्या वर. आणि थकबाकीदार वर्षावर थांबतातच असं नाही, हे मुंबईत सोसायटीच्या कमिटीवर बसलेल्या कुणालाही विचार.

राउंडिंग आहे की आणखी काही, हे ओळखायला कोड उघडावा लागत नाही. टेस्टच्या डेटाबेसवर एक सोसायटी उघड, एक फ्लॅट टाक, ४,००० मेंटेनन्स, १८ टक्के, पैसे भरायचे नाहीत, आणि ओळीने चार बिलं काढ. व्याज ०, ६०, १२०, १८० यायला हवं. ०, ६०, १२१, १८३ आलं तर चक्रवाढ. शेजारी दुसरा फ्लॅट ३,९७० चा टाक. त्याचं खरं व्याज ५९.५५, मग ११९.१०, मग १७८.६५. नुसतं राउंडिंग असेल तर बिलात ६०, ११९, १७९ दिसेल: एकदा ४५ पैसे वर, एकदा १० पैसे खाली, एकदा ३५ पैसे वर. राउंडिंगचा फरक असाच कधी इकडे, कधी तिकडे डोलतो आणि पन्नास पैशांच्या पुढे जात नाही. एकाच दिशेने जाणारा आणि दर बिलाला वाढणारा फरक हा सूत्रातला दोष असतो. या चाचणीला वीस मिनिटं लागली असती. तुमच्या चार वेळच्या खाली-वरला त्याहून जास्त गेली असतील.

इथे टीमचं आणि काकांचं कुठे बिनसलं ते बघ. टीमने ‘एक रुपया’ ही रक्कम म्हणून वाचली, आणि रक्कम क्षुल्लकच होती. काका हिशेब लिहून आलेले. ताळेबंद एका रुपयाने जुळत नसेल तर त्या पिढीचा हिशेबनीस रात्री घरी जायचा नाही. रुपयाच्या मोहाने नव्हे. तो रुपया कुठेतरी काहीतरी चुकल्याची खूण असतो म्हणून. पण त्यांनी हे बगच्या तिकिटात लिहिलं का? नाही, फक्त क्रिटिकल लिहिलं. जे त्यांना अंगवळणी ठाऊक होतं ते त्यांनी एका शिक्क्यात कोंबलं, आणि शिक्क्याशी कुणाला वाद घालता येत नाही, तो फक्त बदलता येतो. तेच तुम्ही चार वेळा केलंत.

‘तक्रार एकच आहे’ हेही तपासून बघ. हा बग फक्त दोन किंवा जास्त बिलं थकवलेल्यांना लागतो. वेळेवर भरणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. आणि ज्याने तीन महिने पैसे दिलेले नाहीत, तो एक रुपया जास्त लागला म्हणून ऑफिसात फोन करतो का गं? तो बिल उघडतच नाही. इथे एक तक्रार आली ती एका चिकट सेक्रेटरीमुळे आली. म्हणून किती जणांनी तक्रार केली हे मोजू नकोस, किती खात्यांना लागलं ते मोज. एकापेक्षा जास्त बिलांचं मुद्दल थकलेली खाती सगळ्या सोसायट्यांत मिळून किती, हा आकडा तुमच्या डेटाबेसमधून पाच मिनिटांत निघतो, आणि तो तिकिटात लिहिला की अर्धा वाद तिथेच बसतो. हे कुठल्या आवृत्तीपासून सुरू झालं तेही बघ. जूनमध्ये सापडलं म्हणजे जूनमध्ये सुरू झालं असं नाही.

मग हा क्रिटिकल होता का? माझ्या मते नाही. सॉफ्टवेअर चालू आहे, बिलं निघताहेत, बहुतेक सभासदांची बिलं बरोबर आहेत, कुणाचा डेटा पुसला गेलेला नाही. पण मायनर तर अजिबात नव्हता. प्रोग्राम बंद पडला तर निदान सगळ्यांना कळतं. इथे चुकीचा पैशाचा आकडा कुणाला न कळता छापला जातो, लोकांच्या घरी जातो, लेजरमध्ये बसतो आणि पुढच्या महिन्याच्या हिशेबाचा पाया होतो. उद्या एखादी सोसायटी वसुलीच्या दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे गेली तर हाच उतारा जोडणार आणि समोरचा वकील पहिलं बोट त्या व्याजावर ठेवणार. मी याला ‘मेजर’ म्हटलं असतं. तेव्हा काकाही चुकले आणि तूही, फक्त काकांची चूक उत्तराच्या जवळची होती.

डेबियन या लिनक्सवाल्यांच्या प्रकल्पात बगच्या पातळ्या बघितल्यास तर गंमत कळेल. तिथे ‘फार वाईट’, ‘थोडं वाईट’ अशी विशेषणं पुरेशी मानलेली नाहीत, प्रत्येक पातळीपुढे परिणाम लिहिलाय. डेटा नष्ट होत असेल तर ‘ग्रेव्ह’, मग बाकीचा प्रोग्राम कितीही छान चालू दे. वापरण्यावर मोठा परिणाम होतो, पण सगळ्यांसाठी पूर्ण निकामी होत नाही, तर ‘इम्पॉर्टंट’. बग टाकणारा आपल्या अंदाजाने पातळी लावतो, पॅकेज सांभाळणारा ती बदलू शकतो. पण दोघांसमोर व्याख्या एकच असते, त्यामुळे भांडण ‘हा बग त्या व्याख्येत बसतो का’ इतकंच उरतं. तुमच्याकडे क्रिटिकल, मेजर, मायनर म्हणजे काय हे कुठे लिहिलंय का? नसेल तर चार ओळी लिहा, तुमच्या धंद्याच्या भाषेत: चुकीची रक्कम सभासदापर्यंत गेली, बिलं निघतच नाहीत, एका सोसायटीचा डेटा दुसरीला दिसला, असं.

आणि एक शंका आहे. तुम्ही बग नोंदवायला जिरा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात मुळात प्रायॉरिटी, म्हणजे किती घाई आहे, हेच एक फील्ड तयार मिळतं. सिव्हिरिटी, म्हणजे किती बिघडलंय, ते हवं तर वेगळं जोडावं लागतं. तू ‘ती लेव्हल’ असं एकवचनात लिहिलंयस, त्यावरून तुमच्याकडेही एकच खण असावा. मग होतं असं की काका त्या खणात ‘हे कधीपर्यंत हवंय’ याचं उत्तर लिहितात आणि तू ‘हे किती बिघडलंय’ याचं. दोन प्रश्न, खण एक. तुम्ही चार वेळा एकमेकांचं उत्तर खोडत होतात, आणि दोघंही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होतात. दुसरा खण उघडा. किती बिघडलंय हे बगचं वर्णन आहे, ते पुराव्यावर ठरतं आणि पुरावा कुणीही आणू शकतो. कधी दुरुस्त करायचं हा निर्णय आहे. तो टीमचा, कारण हातात किती माणसं आहेत आणि पुढची आवृत्ती कधी जाणार हे टीमला माहीत असतं.

हे दोन्ही एकत्र चालत नाहीत हे मी एकदा चांगलंच शिकले. पूर्वी ज्या ऑफिसात होते तिथे असाच सोसायट्यांच्या पावत्यांचा बग आला: पीडीएफमध्ये सोसायटीच्या मराठी नावातल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटत होती. ‘सिद्धी’मधली पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढे, द्ध चे दोन तुकडे. रकमा बरोबर, तारखा बरोबर. मी शेवटची पातळी लावली, आणि आजही तशीच लावेन, कारण बिघाड तेवढाच होता. चूक झाली ती पुढे. सिव्हिरिटी खालची म्हणून मी तो यादीतही शेवटी ढकलला. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या त्याच आठवड्यात छापायच्या होत्या, आणि देवाचं नाव मोडलेली पावती घेऊन दारोदार जायला कुणी तयार होईना. दोन कमिट्यांनी पावतीपुस्तकं बाहेरून छापून घेतली आणि आमचं बिल अडवलं. बिघाड किरकोळ, घाई मोठी. सपोर्टच्या मुलीने ती तारीख मला तोंडी सांगितली होती. तिकिटात नव्हती, म्हणून मी विसरले.

तुमच्या बगमध्येही अशी एक तारीख लपलीय: एक जुलै. त्या दिवशी बिलं निघतात, आणि निघाली की फरक आणखी एका महिन्याने लेजरमध्ये रुतणार. काकांचा मेल त्या तारखेपोटी आहे असं मला वाटतं, पण तो लिहिलाय रागापोटी, म्हणून तारीख त्यातही नसेल.

आता अधिकार काढून घेण्याबद्दल. मला हा उपाय आवडत नाही. यात वयाच्या मानाचा प्रश्न नाही. सगळंच क्रिटिकल टाकणारा माणूस मूर्ख किंवा आडमुठा असतो हे आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा त्याने अनुभवाने शिकलेलं असतं की त्याखालचं काही टाकलं तर कुणी उघडतच नाही. तुमच्याकडे मायनर टाकलेले बग शेवटचे कधी बघितले गेले? सहा महिन्यांपूर्वीचे अजून तसेच पडले असतील तर काका वागतायत ते बरोबरच आहे. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. अधिकार काढलास तर ते शिक्का लावायचे थांबतील आणि थेट मालकाला फोन लावतील. ते तुला जास्त जड जाईल.

त्याऐवजी त्यांची मागची वीस-पंचवीस तिकिटं काढ आणि प्रत्येकाचं शेवटी काय निघालं ते बघ. त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून नको, आणि लीडला तर मुळीच दाखवू नकोस. माझा अंदाज असा की व्याज, जमा-खर्च, मागची बाकी या विषयांत ते बहुतेक वेळा बरोबर निघतील आणि स्क्रीन, छपाई, लॉगिनमध्ये बऱ्याचदा अवाजवी. तसं निघालं तर तुला कामाची गोष्ट मिळाली: हिशेबाच्या तिकिटावर त्यांचा शिक्का खाली आणण्याआधी चाचणी करायचीच, बाकीच्यांवर तू तुझ्या बुद्धीने चाल.

आणि पातळी बदलायची असेल तर मुकाट्याने बदलायची नाही, हा नियम स्वतःवर घाल. बदलाखाली तीन गोष्टी लिही: काय करून पाहिलं, त्यावरून काय वाटतं, आणि काय दिसलं तर मत बदलीन. तुझ्या त्या तिकिटावर पहिल्याच दिवशी असं लिहिता आलं असतं: ‘चार बिलांची चाचणी अजून केलेली नाही. राउंडिंग वाटतंय म्हणून तूर्त मायनर. जुलैच्या बिलात फरक एक रुपयाहून जास्त आला, किंवा दुसऱ्या सोसायटीतही दिसला, तर वर नेईन.’ हे वाचून काकांनी शिक्का नसता बदलला. त्यांनी १८३ काढून दाखवले असते, तेही कागदावर, लाल पेनाने.

उलट बाजूनेही एक अट ठेवा. टाकणाऱ्याला पातळी परत वर न्यायची असेल तर नवीन काहीतरी आणायला हवं: आकडा, तारीख, दुसरा ग्राहक. नुसतं परत वर नेणं नाही. आणि दोघांच्या एकेक फेरीनंतरही पटलं नाही तर तिसऱ्या माणसाने ठरवायचं, ज्याचं नाव आधीच ठरलेलं असेल. लहान कंपनीत तो बहुतेक मालक किंवा प्रॉडक्ट बघणारा असतो. लीड नको, तो या भांडणात आधीच एका बाजूला आहे.

एका शब्दापासून मात्र जपून राहा: वर्कअराउंड, म्हणजे बग तसाच ठेवून काढलेली वाट. ‘सेक्रेटरीने एक जर्नल नोंद टाकून रुपया वळता करावा’ असं टीममधलं कुणीतरी म्हणणारच, आणि वर्कअराउंड आहे म्हणून पातळी खाली, असा हिशेब मांडणार. तो हिशेब बऱ्याच ठिकाणी चालतो, पण वर्कअराउंड करणार कोण आणि किती वेळा, हे विचारल्याशिवाय मान्य करू नकोस. संध्याकाळी विरार फास्टने उभ्याने घरी आलेला बिनपगारी सेक्रेटरी दर महिन्याला आठ-दहा खात्यांत हाताने नोंदी टाकणार असेल, तर ती वाट आहे असं फक्त तुमच्या ऑफिसात बसून वाटतं. शिवाय कुठली खाती चुकलीत हे त्याला कळणार कसं?

आता पुढच्या काही दिवसांचं. आज ती दोन फ्लॅटची चाचणी कर आणि निकाल तिकिटात टाक, तुझं राउंडिंगचं मत चुकलं असेल तर तेही त्याच जागी, सगळ्यांना दिसेल असं. सूत्राची दुरुस्ती एक तारखेच्या आत तपासून जात असेल तर उत्तम. जात नसेल तर घाईने व्याजाचा कोड बदलून बिलं काढू नका, त्यातून आणखी वाईट निघतं. ज्या सोसायट्यांत जुनी थकबाकी आहे त्यांच्या सेक्रेटरींना विचारून जुलैपुरती व्याजाची आकारणी थांबवा, ऑगस्टच्या बिलात दोन्ही महिन्यांचं सरळव्याज लावा. सरळव्याज असल्यामुळे मागाहून लावलं तरी रक्कम तीच येते.

आणि सूत्र दुरुस्त झालं म्हणून तिकीट बंद करू नकोस. जूनच्या बिलात गेलेला तो एक रुपया लेजरमध्ये तसाच राहणार, नवीन सूत्र त्याला हात लावणार नाही. आधीच्या महिन्यांत गेलेले असतील तर तेही. ती खाती शोधून जमेची नोंद टाकणं हे वेगळं काम आहे, त्याचं वेगळं तिकीट हवं, आणि त्याची घाई सूत्राइतकी नाही. ते काकांना लिहायला सांग. मेलला मेलने उत्तर देऊ नकोस, चहाच्या वेळी त्यांच्या टेबलापाशी जा, १८३ चा आकडा दाखव आणि म्हण, हे तिकीट तुम्ही लिहा, कुठल्या नोंदी लागतील ते तुम्हालाच ठाऊक. दोन्ही खण रिकामे ठेवून द्या म्हण, आणि दोघं मिळून भरा.